पुरवण्यांची संख्या : शून्य

विद्यापीठाच्या उत्तरपत्रिकेच्या पहिल्या पानावर एक छोटा चौकोन असतो. त्यात जोडलेल्या पुरवण्यांची संख्या लिहायची असते. तो चौकोन विद्यार्थी शेवटच्या घंटेच्या गडबडीत भरतो, पर्यवेक्षक गठ्ठा मोजताना त्यावर नजर टाकतो, आणि तिथून पुढे त्याची आठवण फक्त पुरवणी हरवल्यावर निघते.

पुरवणीचे नियम वाचले तर विद्यापीठाला मुलांच्या लिखाणाची नाही, कोऱ्या कागदाची काळजी आहे असं वाटतं. तसं वाटायला कारणही आहे. कोरी पुरवणी एकदा वर्गाबाहेर गेली की घरी बसून निवांत उत्तर लिहायचं आणि कुणाला तरी हाताशी धरून ते नंतर उत्तरपत्रिकेला जोडायचं, हा जुना धंदा आहे. म्हणून केंद्रावर किती पुरवण्या आल्या, किती वाटल्या, किती उरल्या याचा हिशेब ठेवावा लागतो. प्रत्येक पुरवणीला क्रमांक असतो, देताना पर्यवेक्षक तिच्यावर तारखेसह सही करतो, आणि कोणत्या बैठक क्रमांकाला कोणती पुरवणी दिली याची नोंद होते. घेतलेल्या पुरवणीवर एक अक्षरही लिहिलं नाही तरी ती मुख्य उत्तरपत्रिकेला बांधूनच द्यायची. कोरी म्हणून घरी नेली तर ते गैरप्रकाराचं प्रकरण होतं. हे सगळं शहाणपणाचं आहे. फक्त या शहाणपणाचा शेवट एका पांढऱ्या दोऱ्यावर होतो. विद्यार्थ्याने दोरा ओवायचा, गाठ मारायची, आणि मग ती गाठ केंद्र, कस्टोडियन, गठ्ठे, टेम्पो आणि स्कॅनिंग यांतून सुखरूप पोचेल अशी आशा धरायची.

2017 साली मुंबई विद्यापीठाने त्या गाठीची परीक्षा घेतली. उन्हाळी सत्राच्या 17 लाखांच्या आसपास उत्तरपत्रिका पडद्यावर तपासायचं ठरलं, म्हणजे आधी प्रत्येक पान स्कॅन व्हायला हवं. स्कॅन करायचं तर शिवण कापावी लागते, दोरा सोडावा लागतो. दोरा सुटला की पुरवणी ही एक स्वतंत्र वस्तू होते. ती कुणाची हे फक्त तिच्यावरचा बारकोड किंवा आकडे सांगणार. स्टिकर चुकलं, बैठक क्रमांकातला एखादा आकडा गचाळ निघाला की पुरवणी अनाथ. त्या वर्षी निकाल महिनोन्‌महिने रखडले, काही उत्तरपत्रिका सापडल्याच नाहीत म्हणून मुलांना सरासरीने गुण द्यावे लागले, आणि ऑक्टोबरमध्ये कुलपतींनी कुलगुरूंनाच पदावरून दूर केलं.

आता यावर उपाय काय करायचा? जोडणी पक्की करा, मुख्य आणि पुरवणी या दोहोंवर एकच ओळख छापा, स्कॅन करण्याआधी चौकोनातला आकडा आणि हातातल्या पुरवण्या ताडून बघा. विद्यापीठाने याहून सोपा उपाय काढला. पुढच्या परीक्षांपासून पुरवणीच द्यायची नाही! मुख्य उत्तरपत्रिकेत भरपूर पानं आहेत, तेवढ्यात बसवा. डोकं दुखतंय म्हणून टोपी घालायला बंदी करावी, तसला हा उपचार. एक विधी शाखेची विद्यार्थिनी थेट मुंबई उच्च न्यायालयात गेली आणि न्यायालयाने तो निर्णय रद्द ठरवला. पुरवणी परत आली.

विद्यापीठाचं म्हणणं अगदीच हवेत नव्हतं, हे मान्य करायला हवं. पुरवणी घेणारे थोडेच असतात आणि त्यांतले काही प्रश्नच पुन्हा सुंदर अक्षरात उतरवून काढतात. पण कायद्याच्या पेपरात खटल्याची तथ्यं, कलम, निवाडे आणि मग मत असं लिहिणाऱ्याची पानं संपतात तेव्हा तो फुशारकी मारत नसतो. शिवाय अक्षर मोठं असणं हा काही गुन्हा नाही.

रफ कामाचा मामला आणखी मजेशीर. आपल्याकडे बहुतेक विद्यापीठांत रफसाठी वेगळा कागद मिळत नाही. स्वतःचा आणला तर तो कोरा असला तरी संशयित. गणित, संख्याशास्त्र किंवा अकाउंट्सच्या मुलाने आकडेमोड उत्तरपत्रिकेतच करायची, वर ‘रफ’ लिहायचं आणि त्यावर तिरपी रेघ मारायची. प्रश्नपत्रिकेवर बैठक क्रमांकाखेरीज काही लिहायचं नाही, हॉल तिकिटावर तर नाहीच. म्हणजे विचार करायला परवानगी आहे, पण तो तपासनिसाच्या हातात देऊन, रद्द करून. यात एक खाच आहे. रेघ मारायची राहिली तर परीक्षक ते उत्तर समजून वाचतो, आणि उत्तराचा भाग चुकून रेघेखाली गेला तर तो वाचलाच जात नाही. एखाद्या गणिताच्या शेवटच्या दोन पायऱ्या जागेअभावी रफच्या पानावर गेल्या असतील, तर मुख्य पानावर ‘पुढे अमुक पानावर’ असं स्पष्ट लिहिलं तरच त्यांना कुणी वाली.

हे सगळं बिघडतं कसं ते एका उदाहरणावर बघू. समजा, एका मुलीने 75 गुणांच्या पेपरात पाचव्या प्रश्नाचं उत्तर मुख्य उत्तरपत्रिकेच्या शेवटच्या पानावर सुरू केलं आणि पुरवणीत संपवलं. चौकोनात 1 लिहिलं. निकालात अपेक्षेपेक्षा बारा गुण कमी. तिने आधी पुनर्मूल्यांकनाचा अर्ज भरला, तर परीक्षक तीच अर्धी उत्तरपत्रिका पुन्हा वाचणार आणि गुण जागच्या जागी राहणार. न स्कॅन झालेलं पान दुसऱ्यांदा वाचूनही उगवत नाही. म्हणून पहिलं पाऊल छायांकित प्रतीचं. स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका बघण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने 2011 साली माहिती अधिकाराखाली मान्य केलेला आहे, त्यामुळे ही काही विद्यापीठाची मेहेरबानी नाही. प्रत हातात आली की गुणांकडे नंतर बघायचं. आधी पहिल्या पानावरचा चौकोन, मग पानांची मोजणी, मग शेवटचं वाक्य. चौकोनात 1 आहे, प्रतीत पुरवणी नाही आणि शेवटचं वाक्य ‘म्हणून न्यायालयाने असे’ इथे तुटलेलं आहे, तर गुण कुठे गेले ते कळलं. चौकोन रिकामा असेल तर मात्र भांडण अवघड, कारण उत्तरपत्रिकेच्या हिशेबाने तिने पुरवणी घेतलीच नव्हती.

अशा वेळी विद्यार्थ्याजवळ पुरावा काय असतो? पुरवणीची पावती मिळत नाही. तिचा क्रमांक टिपून ठेवायचा तर प्रश्नपत्रिकेवर लिहिणं निषिद्ध, हॉल तिकिटावर निषिद्ध, वेगळा कागद निषिद्ध, आणि हातावर लिहिला तर कॉपी म्हणून धरणार. तेव्हा अर्जात मागायची ती केंद्रावरची पुरवणी वाटपाची नोंद. कोरे कागद चोरीला जाऊ नयेत म्हणून ती ठेवलेली असते. त्या दिवशी, त्या वर्गात, त्या बैठक क्रमांकापुढे पुरवणी दिल्याची नोंद निघाली, तर ‘पुरवणी नव्हतीच’ असं म्हणायची सोय उरत नाही. पण मागायला उशीर करू नये. निकाल लागल्यावर केंद्रातल्या कपाटांना जागा लागते.