नेपथ्य छान होतं

माणूस शब्दांत जे म्हणतो त्यापेक्षा त्याला बरंच जास्त सांगायचं असतं. या न उच्चारलेल्या भागाला गर्भितार्थ म्हणतात. तो ऐकणाऱ्याला कसा कळतो, याची रीत ब्रिटिश तत्त्वज्ञ पॉल ग्राइस यांनी १९६७ साली हार्वर्ड विद्यापीठातल्या व्याख्यानांत मांडली. बोलणारी माणसं एकमेकांना सहकार्य करत असतात, असं त्यांनी गृहीत धरलं. पुरेसं बोलावं, खरं बोलावं, विषयाला धरून आणि स्पष्ट बोलावं, एवढीच अपेक्षा. कुणी यातली एखादी अपेक्षा उघडउघड मोडली, तर ऐकणारा त्याला वेड्यात काढत नाही. यामागे काहीतरी असणार, असं समजून ते शोधू लागतो.

सिंगापुरात गणेशोत्सवातली एकांकिका संपते. लेखक, दिग्दर्शक आणि नायक ही तिन्ही पदं एकाच गृहस्थाने भूषवलेली असतात. मेकअप न उतरवता तो पहिल्या रांगेतल्या काकांना गाठतो आणि विचारतो, "काका, कसं वाटलं माझं काम?" काका म्हणतात, "नेपथ्य छान होतं हो. आणि हॉलचा एसीही उत्तम."

आता हिशोब असा. प्रश्न कामाबद्दल होता, उत्तर नेपथ्याबद्दल आलं. काकांनी प्रयोग पहिल्या रांगेतून पाहिला, तेव्हा कामाबद्दल त्यांना मत नसेल असं नाही. ते विक्षिप्तही नाहीत. शिवाय समोरचा हा हिशोब करू शकेल, अशी त्यांची समजूत आहे. म्हणजे कामाबद्दलचं मत बोलून दाखवण्यासारखं नाही. रीत इतकी सोपी असली तरी लेखक-दिग्दर्शक-नायक या जातीचा प्राणी शेवटच्या पायरीच्या अलीकडेच थांबतो. काका इतके भारावले की कामाबद्दल त्यांना शब्दच सुचेनात, असा निष्कर्ष काढून तो भजी घ्यायला जातो.

गर्भितार्थाची पहिली खूण म्हणजे तो मागे घेता येतो. "नेपथ्य छान होतं, आणि काम तर त्याहून झकास!" असं काका म्हणाले असते, तर वाक्यात कुठेही विसंगती आली नसती आणि डंखही राहिला नसता. "नेपथ्य छान होतं, पण नेपथ्य वाईट होतं" असं मात्र म्हणता येत नाही. उघड अर्थ मागे घेता येत नाही, गर्भित घेता येतो, "मी कुठे तसं म्हटलं?" या वाक्याचं सारं बळ यातच आहे. दुसरी खूण, शब्द बदलले तरी तो तसाच राहतो. "सेट देखणा होता" म्हटलं तरी काम पडलंच.

याच्या उलट प्रकार पाहायला सिंगापूरसारखं गाव नाही. इथल्या बोलीभाषेत, म्हणजे सिंग्लिशमध्ये, गर्भित भाग एका अक्षरात बसवतात. रात्रभर सेट हॉलमध्ये ठेवू का, असं रखवालदाराला विचारावं. "कॅन" म्हणजे ठेवा. "कॅन ला" म्हणजे ठेवा हो, काळजी कसली! "कॅन हॉर?" म्हणजे चालेल ना, नक्की? "कॅन मे?" म्हणजे चालतं असं? मला नाही वाटत. आणि "कॅन लोर" म्हणजे आता काय, ठेवा. माझं कोण ऐकतंय! शुद्ध इंग्रजी बोला अशी मोहीम सरकारने २००० साली सुरू केली, त्यावर जनतेचं एकंदर उत्तर "कॅन लोर" असंच दिसतं. इथे मात्र अर्थ त्या अक्षरालाच चिकटलेला असतो. 'लोर' काढलं की उसासाही गेला. काकांच्या वाक्यातून असं काही उपटून टाकता येत नाही.

मग माणसं सरळ का बोलत नाहीत? या वळसेगिरीचा राग येतो, तो खोटा नाही. पण पुण्याहून आईचा फोन येतो. तिथे साडेसात, इथे रात्रीचे दहा. ती विचारते, "आता तिकिटं महाग असतील, नाही का रे?" मुलगा विमान कंपन्यांचे दर सांगतो, अगदी सामानाच्या किलोंसह. प्रश्न दरांचा नव्हताच. "ये" म्हटलं असतं, तर त्याला "जमत नाही" म्हणावं लागलं असतं. तिकिटांवर बोलणं ठेवून तिने तो नकार त्याच्या तोंडी येऊच दिला नाही. ऐकणाऱ्याची सुटका हाही गर्भितार्थाचाच उपयोग आहे, आणि ती सुटका बहुधा बोलणाऱ्याच्या पदरचं काही खर्चून होते.

या रीतीला मर्यादाही आहे. गर्भितार्थ वाक्यात नसतो. कोणत्या प्रश्नाला, कुणी, काय ठाऊक असताना उत्तर दिलं, यावर तो ठरतो. काका उशिरा येऊन फक्त पडदा पडताना पोचले असते, तर त्यांच्या बोलण्यात टीका शोधणं चूक ठरलं असतं. आणि "नेपथ्य कसं वाटलं?" असाच प्रश्न असता, तर तेच वाक्य निखळ कौतुक झालं असतं. म्हणून मुरलेले लेखक-दिग्दर्शक-नायक प्रयोगानंतर नेपथ्याचीच चौकशी करतात.