अर्थ नको, वाक्य द्या

आमच्या सोसायटीतले अण्णा मूळचे तमिळ, बँकेतून निवृत्त झालेले. त्यांना वही काखोटीला मारून जिना चढताना पाहिलं की अर्धे रहिवासी दार लोटून घेतात. टाकी धुण्याची नोटीस लागली तेव्हा कुणीतरी कौतुकाने ती अख्खी इंग्रजीत करून त्यांच्या हातात ठेवली. अण्णा रागावले. "माझं अडलंय एका शब्दावर. तुम्ही सगळंच वाचून टाकलंत, मग मी काय करू?"

शब्द होता 'लागेल'. 'पाणी साठवून ठेवावे लागेल' मधला. मी म्हटलं, सक्ती. अण्णांनी वही उघडली. "मग भूक लागते, ती सक्ती?"

त्यांचं ठरलेलं असतं : एक शब्द, तीन वाक्यं. एक घरातलं, एक बाजारातलं, एक भांडणातलं. वाक्य कसंही चालत नाही. 'हिरमुसणे'साठी मी "तो हिरमुसला" असं सांगून सुटायला बघितलं, तर म्हणाले, "यावरून तो झोपला की आंघोळीला गेला, काय समजायचं?" मग मी "फुगा फुटला आणि पोर हिरमुसलं" असं दिलं. कारण वाक्यातच आलं, तेव्हा कुठे पेन हललं. पण सुटका नाहीच. मोठा माणूस हिरमुसतो? हो, शेवटची जिलबी दुसऱ्याने उचलली तर. कुत्रं? तेही. बँक? नाही हो अण्णा. 'बँक नाही' हेही त्यांनी लिहून घेतलं, जरा हिरमुसूनच.

'लागणे'ने मात्र आमची अख्खी संध्याकाळ खाल्ली. भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, पुण्याला जायला चार तास लागतात. हे सगळं त्यांनी मुकाट्याने उतरवलं. अडले ते 'मी जाऊ लागलो' आणि 'मला जावं लागलं' यावर. पहिल्यात जायला सुरुवात झाली, दुसऱ्यात इलाज नव्हता, इतकं सांगून मी थांबलो. अण्णांनी बराच वेळ छताकडे पाहिलं. मग स्वतःची वाक्यं केली : "मुलगी सासरी निघाली, मी रडू लागलो. साहेब रिटायर झाले, मला रडावं लागलं."

यानंतर मला शिकवण्यासारखं काही उरलं नव्हतं. असलं उदाहरण माझ्या शाळेच्या व्याकरणाच्या पुस्तकात असतं तर मला मार्क तरी बरे पडले असते.

तेवढ्यात बायकोने चहा आणला. अण्णांनी विचारलं, "वहिनी, लग्नसुद्धा लागतं ना? ते यातलं कुठलं? भुकेचं, की सक्तीचं?"

"ठेचेचं," ती म्हणाली आणि आत गेली. अण्णांनी ते भांडणाच्या रकान्यात लिहिलं.