माळ्यासकट

एका इंटिरिअर फर्मच्या वेबसाइटसाठी मी खर्चाचा कॅल्क्युलेटर बनवला आणि त्याच्या प्रेमात पडलो. घरी चहाला आलेल्या पाहुण्यांनाही मी बेडरूमच्या भिंतीची लांबी विचारू लागलो. एका वेळी एकच प्रश्न, वर पुढे सरकणारी हिरवी पट्टी, शेवटी गरगर फिरून थांबणारा आकडा! पट्टीकडे कुणी बघत नाही, असं बायको म्हणते. तिला डिझाइन कळत नाही.

गणित सोपं आहे. वॉर्डरोबचा भाव दर्शनी चौरस फुटावर लागतो. सात बाय सातचं कपाट म्हणजे ४९ फूट. या फर्मचा प्लाय-लॅमिनेटचा दर १४००, म्हणून ६८,६०० रुपये.

इथे माळा येतो. नऊ फुटी खोलीत कपाटावर दोन फूट उरतात. स्वस्त कोटेशनात ते धरलेलेच नसतात. कपाट छतापर्यंत जाणार असं गिऱ्हाईक गृहीत धरतं आणि भांडण सुतार आल्यावर होतं. शिवाय माळ्याशिवाय मराठी माणूस जगणार कसा? गणपतीचं मखर, जास्तीच्या गाद्या, मिक्सर बिघडला तरी त्याचा खोका, ‘कधीतरी लागेल’ या सदरातला सगळा संसार तिथेच असतो. म्हणून मी स्वतंत्र पायरी घातली : ‘माळ्यावर काय ठेवणार?’ फर्मच्या मॅडमनी ती उडवून नुसतं ‘माळा : हो/नाही’ ठेवलं. मराठी साहित्याचं नुकसान झालं. असो. माळ्याचे १४ फूट, दर ७००, म्हणजे ९,८००. दोन्हींच्या बेरजेवर १८ टक्के जीएसटी धरून एकूण ९२,५१२. भिंत प्रत्यक्ष मोजलेली नसते, म्हणून आम्ही ‘८३ हजार ते १ लाख २ हजार’ असं दाखवतो.

पण मॅडमना आकड्याआधी मोबाइल नंबर हवा होता. “भाव फुकट सांगितला तर लीड कुठून येणार?” नंबर दहा आकडी आणि ६ ते ९ने सुरू होणारा असावा, एवढंच फॉर्म तपासतो, त्यामुळे 9876543210 हे सद्गृहस्थ वारंवार घर सजवू लागले. ओटीपी लावला तर खरी माणसंही तिथूनच परत फिरली.

प्रत्येक पायरीवरची निवड, नाव नसलं तरी, आमच्याकडे नोंदली जाते. एका रात्रीची नोंद मी मॅडमना वाचून दाखवली. आधी अख्खा टूबीएचके, अ‍ॅक्रिलिक फिनिश. मग मागे जाऊन लॅमिनेट. मग बेडरूम वगळलं. मग फक्त किचन, तेही खालचेच कप्पे. पुढे नंबरचा रकाना, आणि नोंद संपली. कुणीतरी मध्यरात्री एकेक खोली वजा करत होतं, आणि आम्ही त्याला बेरीजही सांगितली नाही. याचा मला अजून राग येतो.

मॅडम बराच वेळ काही बोलल्या नाहीत. आता अंदाज नंबर न देता दिसतो. वस्तुवार कोटेशन आणि मोजमापाची भेट हवी असेल तरच नंबर मागतो. लीड कमी येतात, पण फोन केला तर माणूस उचलतो. तेव्हा बिनधास्त भरून बघा, आणि माळ्याला ‘हो’ म्हणा.