आकृतीचा फोटो उडाल्यास चष्म्याचा नंबर काढण्याची शास्त्रोक्त रीत

सदर मार्गदर्शिका ज्या घरात उद्या विज्ञान भाग १ ची चाचणी आहे, रात्रीचे साडेदहा वाजले आहेत आणि वर्गाच्या ग्रुपवरचा किरणाकृतीचा फोटो उघडता उघडत नाही, अशा घरातील जबाबदार व्यक्तींसाठी आहे. फोटोच्या जागी एक धुरकट चौकोन दिसतो. त्याखाली सरांनी टाइप केलेला मजकूर मात्र शाबूत असतो: ‘आकृतीतील व्यक्तीला ७५ सेमीपेक्षा जवळच्या वस्तू स्पष्ट दिसत नाहीत. दोष ओळखा, आकृती काढा व दोष निवारणासाठी लागणाऱ्या भिंगाची शक्ती काढा.’

प्रथम शोकविधी उरकून घ्यावा. ग्रुपवर ‘कुणाकडे फोटो आहे का?’ असे एकदा, फक्त एकदाच, विचारावे. उत्तरादाखल तीन ‘सेम प्रॉब्लेम’, एक अंगठा आणि एक चंद्राचे चित्र असलेली शुभरात्री येईल. ती स्वीकारून कामाला लागावे. आकृती जे सांगणार होती, ते सगळे या दोन ओळींत आहे.

चष्मा डोळा दुरुस्त करत नाही, हे पक्के ध्यानात धरले की निम्मे काम झाले. डोळा होता तसाच राहतो. चष्म्याचे भिंग फक्त वस्तूची प्रतिमा अशा ठिकाणी नेऊन ठेवते, जिथे त्या डोळ्याला आधीपासूनच दिसते. म्हणून अंतरे दोनच लागतात. वस्तू कुठे आहे, हे एक. डोळ्याला ती कुठे असलेली परवडते, हे दुसरे. पहिले u, दुसरे v. दोन्ही भिंगाच्या एकाच बाजूला, म्हणून चिन्हसंकेताप्रमाणे दोन्ही ऋण. मग:

1/f = 1/v − 1/u

आता पंचनामा. मजकुरातला ‘पेक्षा जवळच्या’ हा शब्दप्रयोग नीट पाहावा. सगळा खटला त्याच्यावर उभा आहे. जवळचे दिसत नाही म्हणजे ७५ सेमी हा निकटबिंदू, दोष दूरदृष्टिता, भिंग बहिर्गोल. तिथे ‘पलीकडच्या’ असते, तर ७५ सेमी हा दूरबिंदू झाला असता, दोष निकटदृष्टिता आणि भिंग अंतर्गोल. सरांनी घाईत शब्दच खाल्ला असेल आणि नुसता आकडा उरला असेल, तरीही एक धागा हाती लागतो. निरोगी डोळ्याचा निकटबिंदू पुस्तकाने २५ सेमी धरला आहे. तेव्हा आकडा २५ पेक्षा कमी असेल, समजा २०, तर तो दूरबिंदूच असणार, कारण २० सेमीवरचे दिसणे हा दूरदृष्टितेचा दोष होऊ शकत नाही. ७५ च्या बाबतीत मात्र हा धागा तुटतो. ७५ दोन्हीकडे चालतो, तिथे शब्दच हवा. व्यक्तीच्या नावापुढे ‘आजोबा’ असतील तर वृद्धदृष्टिता लिहावी. वयोमानाने डोळ्याची समायोजन शक्ती घटली की जवळचे दिसेनासे होते. किरणाकृती आणि गणित जवळच्या वस्तूपुरते दूरदृष्टितेसारखेच, म्हणजे फोटो असता तरी त्यावरून हा फरक कळला नसता.

गणित करू. आजारी डोळ्याला ७५ सेमीपासून पुढचे दिसते आणि पुस्तक तर २५ सेमीवर धरायचे आहे. म्हणून u = −२५ सेमी, v = −७५ सेमी. १/f म्हणजे −१/७५ अधिक १/२५, म्हणजे २/७५. नाभीय अंतर ३७.५ सेमी. शक्ती काढताना अंतर मीटरमध्ये: १ ÷ ०.३७५ = सुमारे +२.६७ डायऑप्टर. ज्यांना अपूर्णांकांचा ताप चढतो, त्यांनी सरळ डायऑप्टरमध्येच विचार करावा. २५ सेमी म्हणजे ४, ७५ सेमी म्हणजे १.३३. चारातून १.३३ वजा. संपले. (डायऑप्टर हे एकक १८७२ मध्ये फर्दिनांद मोनोय्ये या फ्रेंच नेत्रतज्ज्ञाने सुचवले. याच गृहस्थाने अक्षरांचा तक्ता बनवताना दोन्ही कडांना, खालून वर वाचत गेल्यास, स्वतःचे नाव बसवून ठेवले. चित्र हरवले तरी नाव राहावे, अशी दूरदृष्टी सरांकडे नव्हती.)

यानंतर घरातील सर्वांत आत्मविश्वासू सदस्य येईल. हा बहुधा काका असतो. तो म्हणेल, ‘अरे, एवढं काय? जे अंतर दिलंय तेच नाभीय अंतर. पंचाहत्तरला उलटं केलं की १.३३, झालं.’ काकांना खोटे ठरवू नये, कारण ते अर्धे खरे बोलत आहेत. निकटदृष्टितेत हे चालते. एखाद्या मुलाला ४० सेमीपलीकडचे दिसत नसेल, तर त्याला दूरचा फळा, म्हणजे गणितापुरती अनंत अंतरावरची वस्तू, ४० सेमीवर आणून द्यायची असते. वस्तू अनंतावर, म्हणून १/u शून्य, आणि f उरते −४० सेमी. शक्ती −२.५. काकांनी ही रीत शाळेत पाठ केली आणि सगळीकडे लावली. दूरदृष्टितेत मात्र वस्तू अनंतावर नसते, हातातल्या पुस्तकात असते. तिथले ४ डायऑप्टर काका विसरले.

काकांचा गैरसमज इतकी वर्षे टिकला, यामागे निकटबिंदू ५० सेमी असलेली गणिते आहेत. चारातून दोन गेले, राहिले दोन. काकांच्या रीतीनेही १ ÷ ०.५ = २. उत्तर तंतोतंत जुळते आणि चुकीच्या रीतीला पूर्ण गुण मिळतात. गणित तयार करणाऱ्या सर्व शिक्षकांना या मार्गदर्शिकेची नम्र सूचना आहे की ५० हा आकडा हद्दपार करावा. त्याऐवजी १ मीटर द्यावा. खरे उत्तर +३, काकांचे +१. घरात भांडण होईल, पण मुलाला विषय कळेल.

उत्तर तपासण्याचा एक झटपट उपाय. पुस्तकी दूरदृष्टितेत शक्ती नेहमी चारातून काहीतरी वजा होऊन येते, म्हणून ती शून्य आणि +४ यांच्यामध्येच सापडली पाहिजे. +५ आले तर वजाबाकीऐवजी बेरीज झाली आहे. ०.०२६७ आले तर सेंटिमीटरचे मीटर करायचे राहिले आहे. उणे आले तर u आणि v यांनी जागा बदलल्या आहेत. ही मर्यादा अर्थात वहीतल्या डोळ्यांची. मोतीबिंदू काढल्यावर आत कृत्रिम भिंग बसवण्याची सोय नव्हती, त्या काळच्या म्हाताऱ्यांच्या नाकावर +१० च्या आसपासचे सोडावॉटरी चष्मे असत. त्यांच्या डोळ्यात नेत्रभिंगच उरलेले नसे.

आता आकृती. गुण तिलाही आहेत, आणि इथे मुले हमखास घसरतात, कारण निकटदृष्टितेची आकृती आठवून समांतर किरण काढतात. दूरदृष्टितेत किरण २५ सेमीवरच्या एका बिंदूतून फाकत निघतात. चष्म्याविना ते दृष्टिपटलाच्या मागे एकत्र येऊ पाहतात, म्हणून धूसर दिसते. डोळ्यासमोर बहिर्गोल भिंग काढावे. त्यातून गेलेले किरण अजूनही फाकलेलेच असतात, फक्त कमी फाकलेले. ते भिंगापाशी एकवटू लागलेले दाखवले तर आकृती चुकली. हे किरण तुटक रेषांनी मागे वाढवले की ७५ सेमीवर मिळतात आणि डोळ्याला वस्तू तिथेच असल्यासारखी वाटते. डोळ्याच्या आत तेच किरण बरोबर दृष्टिपटलावर येऊन टेकतात. ‘२५ सेमी’ आणि ‘७५ सेमी’ या दोन नावांशिवाय आकृतीला कवडीची किंमत नाही.

एवढे होऊनही चष्म्याच्या दुकानात +२.६७ मागू नये. भिंगे पावपाव डायऑप्टरच्या टप्प्याने मिळतात, म्हणजे २.५० किंवा २.७५. शिवाय २५ सेमी हे पुस्तकाचे अंतर आहे, माणसाचे नव्हे. आजोबा पेपर ४० सेमीवर धरत असतील, तर चाराऐवजी २.५ घ्यायचे, त्यातून १.३३ गेले की उरतात १.१७. डॉक्टर यात थोडी भर टाकतात, कारण डोळ्याने आपली सगळी समायोजन शक्ती पणाला लावून तासभर वाचावे, अशी त्यांची अपेक्षा नसते. परीक्षकाची तशी असते.

शेवटी प्रात्यक्षिक. वहीतले उत्तर धन की ऋण याबद्दल कुजबुज चालूच असेल, तर आजोबा झोपले आहेत याची खात्री करून त्यांचा वाचायचा चष्मा आणावा. त्यातून खिडकीचे गज पाहत चष्मा हळूच डावीकडे सरकवावा. गज उजवीकडे पळाले तर भिंग धन, गज चष्म्याबरोबरच डावीकडे आले तर ऋण. चष्मा पाटीसारखा फिरवल्यावर गज तिरके होत असतील, तर त्यात सिलिंडरचा नंबरही आहे. तो आपल्या धड्यात नाही, गप्प बसावे. चष्म्यात खाली वेगळा तुकडा असेल तर वाचायचा नंबर त्या तुकड्यात असतो. धन भिंगाचे नाभीय अंतर दुसऱ्या दिवशी उजेडात मोजता येते. खिडकीसमोरच्या भिंतीजवळ भिंग धरून पुढेमागे करावे, बाहेरच्या झाडाची उलटी प्रतिमा भिंतीवर लख्ख उमटली की टेप लावावा. ४० सेमी भरले तर +२.५. (सूर्याकडे धरून हे करू नये. आजोबांचा पेपर जळतो.)

ऋण भिंग भिंतीवर काहीच उमटवत नाही. त्याला पकडायचे तर ताईचा चष्मा आजोबांच्या चष्म्याला चिकटवून धरावा आणि पुन्हा गज पाहावेत. चष्मा सरकवला तरी गज जागचे हलले नाहीत, तर दोघांचे नंबर जवळपास सारखे आणि चिन्हे उलटी. नंबर मोजायचे यंत्र दुकानात येण्यापूर्वी चष्मेवाले साधारण असेच, हातातल्या माहीत असलेल्या भिंगाला अनोळखी भिंग भिडवून काम भागवत. दोन्ही फ्रेम काळ्या असतील आणि परत देताना कुणाची कोणती हे कळेनासे झाले, तर ताईला किंवा आजोबांना विचारून उपयोग नाही, त्या वेळी दोघांच्याही डोळ्यांवर चष्मा नसतो. गज विचारावेत.