दोन किल्ल्यांचे नाना

प्रत्येक कुटुंबात एक जण असा असतो, ज्याला जेवायला बोलावतात आणि पान वाढायच्या आत हातात मोबाइल देतात. पूर्वी हा मान पत्रिका बघणाऱ्याचा होता. आमच्याकडे तो नानांचा आहे.

नाना बँकेतून निवृत्त झाले. तिथली रोकडीची तिजोरी दोन किल्ल्यांनी उघडायची. एक कॅशियरकडे, दुसरी अधिकाऱ्याकडे. "साहेबांचं पोट बिघडलं की शाखा खोळंबायची," नाना सांगतात, "पण चोरही खोळंबायचा." त्यामुळे टू-स्टेप व्हेरिफिकेशन असलं जडजंबाल नाव ते घेतच नाहीत. बारसं असो की बारावं, हळूच विचारतात, "दुसरी किल्ली लावलीस का रे?"

मध्यंतरी मामींचा नंबर लागला. ईमेलचा पासवर्ड काय, तर `Chintu@123`. नाना कधी चिडत नाहीत, हाच त्यांचा खरा त्रास. म्हणाले, "छान आहे. फक्त चिंटूच्या वाढदिवसाला फेसबुकवर ज्यांनी शुभेच्छा दिल्या, तेवढ्यांनाच ओळखता येईल." आणि नावापुढे @ आणि 123 लावायची युक्ती चोरांनाही ठाऊक असते, त्यांचे संगणक सुरुवातच तिथून करतात.

नानांचा पासवर्ड म्हणजे एकमेकांशी काडीचा संबंध नसलेले चार शब्द. लांबलचक, पण तोंडात बसणारे. मामींनी विचार करून `varan-bhat-tup-limbu` सुचवला. "मामी, हे चौघं एकाच पानातले," नाना म्हणाले. मग डोळे मिटून वर्तमानपत्रावर चार ठिकाणी बोट ठेवायला लावलं आणि `dodka-viman-saraf-guruvar` असं काहीतरी निघालं. (तो इथे छापला म्हणजे बाद झाला, मामींनी बदललाय.) लगेच मामा म्हणाले, विमानात दोन a हवेत. हा वाद आमच्या घरात तासभर चालू शकतो, म्हणून नाना जसा टाइप केला तसाच वहीत लिहायला लावतात. वही कपाटात राहते. दूर कुठेतरी संगणकापुढे बसलेला चोर मामींच्या साड्या उचकायला येत नाही. वहीचा फोटो मात्र मोबाइलमध्ये ठेवायचा नाही.

ईमेलचा पासवर्ड दुसरीकडे कुठेही वापरायचा नाही, यावर नाना अडून बसतात. बाकी बहुतेक ठिकाणी पासवर्ड विसरलो म्हटलं की नवा ठरवायची वाट ईमेलवर येते. ईमेल गेला की मागोमाग बाकीचं घर जातं.

मग व्हॉट्सअ‍ॅप. गेल्या महिन्यात मामींना भाचीच्या नंबरावरून निरोप आला, "मामी, चुकून तुझ्या फोनवर सहा आकडी कोड गेलाय, पाठव ना." मामी पाठवणार होत्या, भाचीला नाही कसं म्हणायचं? पण भाचीचं खातं आधीच चोराच्या हातात होतं. तो मामींचा नंबर स्वतःच्या फोनवर घालून बसला होता आणि तो कोड म्हणजे मामींच्या दाराची पहिली किल्ली होती. न मागता कोड आला तर काही करायचं नाही, कुणाला सांगायचाही नाही. कोडाशिवाय तो आत येत नाही.

आणि दिलाच चुकून, तर? "रडायचं नंतर," नाना म्हणतात. आधी आपल्या फोनवर आपला नंबर पुन्हा नोंदवायचा, येणारा नवा कोड घालायचा. चोर बाहेर पडतो. त्यानं आत शिरून स्वतःचा पिन लावून ठेवला असेल, तर आपल्यालाही सात दिवस थांबावं लागतं. पण तोवर तोही बाहेरच असतो. तेवढ्यात नातेवाइकांना साधा फोन करून सांगायचं, की माझ्या नावानं कुणी पैसे मागितले तर देऊ नका.

म्हणून तो पिन आपणच आधी लावायचा. नानांनी Settings, मग Account, मग Two-step verification उघडून फोन मामींच्या हातात दिला आणि स्वतः खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. सहा आकडे मामींनीच ठरवायचे. जन्मतारीख नको, गाडीचा नंबर नको. खाली ईमेलही घालायचा, नाहीतर पिन विसरल्यावर तेच सात दिवस आपल्या नशिबी.

व्हॉट्सअ‍ॅप हा पिन अधूनमधून विचारतं, विसरू नये म्हणून. आठवड्यानं मामींचा फोन आलाच.

"नाना, पिन मागतायत. देऊ का?"

"कोण मागतंय? फोनवर माणूस की व्हॉट्सअ‍ॅप उघडल्यावर ते स्वतः?"

"उघडल्यावर."

"मग घाला. माणसानं मागितला तर फोन ठेवून द्यायचा, मी असलो तरी."

"बरं. काय होता हो?"

"वहीत बघा, मामी."

"वही तर तुमच्या मामांनी रद्दीत…" आणि पलीकडून कपाटाचं दार धाडकन उघडल्याचा आवाज आला.