एक माणूस, एक मत

आमच्या 1984 च्या दहावीच्या बॅचला चाळीस वर्षं झाली म्हणून एकत्र जमायचं ठरलं, आणि ‘तारखेचं कोण बघतंय?’ या प्रश्नावर ग्रुपवर एवढी शांतता पसरली की ती मोडावी म्हणून मी नुसतं ‘बघूया’ असं लिहिलं. माझी संयोजक म्हणून एकमताने निवड झाली. शाळेत मला कुणी कधी मॉनिटर का केलं नाही, हे त्यानंतर सगळ्यांना कळलं.

मी लगेच कालनिर्णय काढून, चष्मा लावून, 2024 च्या डिसेंबरचे चार रविवार निवडले: 8, 15, 22 आणि 29. व्हॉट्सॲपवर पोल करताना खाली Allow multiple answers असं एक बटण दिसलं. ते मुळात चालूच असतं. पण एका माणसाने चार-चार मतं द्यायची म्हणजे काय, लोकशाही आहे की नाही, अशा बाणेदार विचाराने मी ते बंद केलं. शिवाय ‘रविवारी रात्री 12 पर्यंत उत्तर द्या’ असं ठणकावून लिहिलं. यावर निम्म्या बॅचने रात्री 12 म्हणजे शनिवार संपतानाचे की रविवार संपतानाचे, असा वाद घातला. हा वाद पोलपेक्षा जास्त रंगला, आणि ‘शुभ सकाळ’च्या गुलाबांखाली पोल दिसेनासा झाला. तो पिन करून ठेवता येतो हे मला मुलीने सांगितलं. मुदत संपल्यावर.

ग्रुपवर आम्ही चौपन्न. मतं पडली तेहेतीस. उरलेल्यांपैकी काहींनी तारखेवर बोट ठेवायचं सोडून पोललाच अंगठा दाखवला, काहींनी खाली ‘चालेल’ असं लिहिलं (काय चालेल?), आणि वर्गात कायम पहिली येणारीने ‘मेजॉरिटी म्हणेल तसं’ असं उदार मनाने कळवलं. बाकीचे गप्प. त्यांना जमत नव्हतं, की त्यांनी पाहिलंच नव्हतं, हे कळायला मार्ग नव्हता, कारण ‘यांपैकी एकही जमत नाही’ हा पर्याय द्यायचं मला सुचलंच नव्हतं.

निकाल लागला तो असा: 8 ला सात, 15 ला अकरा, 22 ला सहा, 29 ला नऊ. 15 तारीख विजयी! मी सोमवारी सकाळी आंघोळ करून, प्रसन्न मनाने हॉलवाल्यांना फोन लावला. त्यांनी चारही तारखा ॲडव्हान्स न घेता रविवार संध्याकाळपर्यंत धरून ठेवल्या होत्या, आणि मी बॅचला मुदत दिली होती रविवार मध्यरात्रीची. तुळशीचं लग्न झालं की हॉल कुणासाठी थांबत नाहीत. 15 तारीख रात्रीच एका साखरपुड्याला गेली होती.

मी तोंड पाडून बसलो, तेव्हा भाजी निवडता निवडता बायको म्हणाली, “अहो, तेहेतिसांतल्या अकरा जणांना आवडलेली तारीख. मग उरलेल्या बावीस जणांना ती जमणार होती की नाही, ते तुम्ही विचारलंत कुठे?”

विचारलं नव्हतं. मी प्रत्येकाला त्याची लाडकी तारीख विचारली होती आणि मला हवं होतं, कुणाला काय काय जमतं ते. म्हणून पुन्हा पोल टाकला. या वेळी ते बटण चालू ठेवलं, ‘जमतील त्या सगळ्या तारखांवर खूण करा’ असं लिहिलं, खाली ‘एकही जमत नाही’ हा पर्याय जोडला आणि पोल पिन केला. 15 तारीख गेलेली असूनही, निव्वळ स्वतःला छळायला, यादीत राहू दिली. हॉलवाल्यांनी शुक्रवारपर्यंत थांबायचं कबूल केलं म्हणून बॅचला मुदत दिली बुधवार रात्री नऊची, म्हणजे हातात दोन दिवस फोनाफोनीला. मतं देणारे बरेचसे तेच होते, पण निकाल उलटा: 8 ला सव्वीस, 15 ला फक्त सोळा. दत्तजयंती 14 ला होती. गाणगापूरला जाणारी मंडळी दुसऱ्या दिवशी परतीच्या प्रवासात असणार होती. 29 ची नऊ मतं बहुतेक परदेशातून सुट्टीला येणाऱ्यांची आणि त्यांच्या खास दोस्तांची. बाकीचे तेव्हा गोव्यात. पहिल्या खेपेला तिसरी आलेली 8 तारीख अशी, कुणाचीच फार लाडकी नसताना, सगळ्यांत जास्त जणांच्या सोयीची निघाली. साखरपुडेवाल्यांनी मला वाचवलं होतं. त्यांना एखादा नारळ पाठवायचा राहूनच गेला.

‘एकही जमत नाही’ला पाच मतं पडली. त्या पाच जणांना मी मनापासून दुवा दिला, कारण ग्रुपमधले तेवढेच असे, ज्यांना मला फोन करावा लागला नाही.

8 तारखेला हो म्हणालेल्या सव्विसांतले बावीस आले, आणि ज्यांनी कशालाच मत दिलं नव्हतं असे नऊ जण आले. केटररला मी तीस ताटं सांगितली होती. जेवण मार्गशीर्ष म्हणून शाकाहारी होतं, जिलेबी उत्तम होती असं म्हणतात. एकतिसावा मी होतो.

तेव्हा तुमच्या बॅचमधलं कुणी असा पोल टाकील, तर त्या गरिबाला अंगठा दाखवू नका. तारखेवर बोट ठेवा, आणि येणार नसाल तर तसंही कळवा.