टायवाला, मेकॅनिकलवाला आणि कोपऱ्यातली

प्लेसमेंटचा हंगाम आला की कॉलेजात सरावाचा जीडी घेतात. परीक्षक म्हणून मला बसवतात, कारण तेव्हा माझं लेक्चर नसतं. दहा मुलं, विचाराला दोन मिनिटं, बोलायला पंधरा. परवाचा विषय : ‘शहरात पेट्रोलच्या नव्या दुचाकींची विक्री बंद करावी का?’

विचाराची वेळ संपताच टायवाला सुटला. ‘गुड मॉर्निंग फ्रेंड्स’पासून ‘नाण्याला दोन बाजू असतात’पर्यंत पाऊण मिनिट गेलं, दुचाकी अजून स्टँडवरच. पहिल्यांदा बोललं की गुण मिळतात, ही होस्टेलवरची अफवा. गुण असतात ते चर्चेला वाट आखून दिल्याचे. ‘प्रश्न फक्त नव्या गाड्यांचा आहे. किंमत, चार्जिंग आणि धूर, या तिन्ही अंगांनी बघू’ एवढं बोलून तो थांबला असता, तर उरलेले नऊजण त्याच्याच रस्त्यावरून गेले असते.

मग सगळे एकदम बोलू लागले. याला मुलं फिश मार्केट म्हणतात. हा मासळीबाजारावर अन्याय आहे; तिथे निदान भाव तरी ऐकू येतो. मेकॅनिकलवाल्याचा आवाज सर्वांत मोठा. पंधरा मिनिटांत दहाजण म्हणजे माणशी दीड मिनिट. यानं चौघांचा वाटा खाल्ला आणि बॅटरी महाग असते हे एकच वाक्य उलटंसुलटं वाढलं.

कोपऱ्यातली मुलगी तोवर कागदावर काहीतरी टिपत होती. मेकॅनिकलवाला श्वास घ्यायला थांबला (अधूनमधून घ्यावाच लागतो), तशी त्याचाच शब्द उचलून म्हणाली, ‘बॅटरी महाग, मान्य. पण चौथ्या मजल्यावर भाड्यानं राहणारा वायर कुठून सोडणार? त्याला बॅटरी काढून घरात नेता येणारी गाडीच लागेल.’ आधीच्याला न खोडता चर्चा किमतीवरून चार्जिंगवर आली. मग शेजारच्या मुक्या मुलाला तिनं विचारलं, ‘तुमच्या बिल्डिंगमध्ये चार्जिंगला परवानगी आहे?’ नुसतं ‘तुझं मत काय?’ विचारलं असतं तर तो बिचारा घामाघूम झाला असता आणि परीक्षकाला तो देखावा वाटला असता. स्वतःच्या बिल्डिंगबद्दल मात्र कोणीही बोलतो. तोही बोलला, सोसायटीच्या सेक्रेटरीसकट.

समारोप करायला सांगितल्यावर टायवाला उसळून म्हणाला, ‘माझ्या मते हायड्रोजन...’ समारोपात स्वतःचं मत नको आणि नवा मुद्दा तर मुळीच नको. मी त्याला थांबवून कोपऱ्याकडे पाहिलं. तिनं कागद वाचला : ‘धुरावर एकमत झालं. किमतीवर मतं फुटली. आधी चार्जिंगची सोय, मग बंदी, असं बहुतेकांना वाटलं. बंदी कधीपासून, हे ठरलं नाही.’ अर्ध्या मिनिटात संपलं. न ठरलेलं तिनं ठरलं म्हणून खपवलं नाही, त्याचे मी वेगळे गुण दिले.

मेकॅनिकलवाला चिडला. ‘सर, धुरावर एकमत झालं कधी?’

म्हटलं, ‘तू बोलत होतास तेव्हा.’